खालचा बर्थ : कोटा कुणाला लागू होतो, कुणाला नाही

“तिकिटावर अब्बांचे वय अडुसष्ट लिहिले आहे, तरी त्यांना वरचा बर्थ कसा काय आला?” हा प्रश्न आम्हाला शाळेच्या स्टाफरूममध्ये विचारला जातो, लग्नघरात विचारला जातो आणि सुट्ट्या जवळ आल्या की फोनवरही विचारला जातो. विचारणाऱ्याचा राग बहुधा रेल्वेवर असतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला शिडी चढून वर झोपायला लावले तर राग येणारच. पण तिकीट हातात घेऊन पाहिले की दहापैकी बऱ्याच वेळा उत्तर त्या तिकिटावरच सापडते. अब्बांसोबत त्याच तिकिटावर मुलगा, सून आणि दोन नातवंडे असतात, आणि कोटा या रकान्यात ‘GENERAL’ असे छापलेले असते. म्हणजे ज्येष्ठांसाठी राखून ठेवलेल्या बर्थमधून हे तिकीट निघालेलेच नसते.

म्हणून या महिन्यात आम्ही हा एकच विषय घेतला आहे. ज्येष्ठ नागरिक, पंचेचाळीस वर्षांपुढील स्त्रिया आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी रेल्वेने खालच्या बर्थचा जो कोटा ठेवला आहे, तो कसा दिला जातो आणि कुठे दिला जात नाही, ते नीट समजून घेऊ.

आधी एक गल्लत दूर करू. कोटा आणि सवलत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वी ज्येष्ठांना भाड्यात सूट मिळत असे. साठ वर्षांच्या पुरुषाला ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांच्या स्त्रीला ५० टक्के अशी ती सूट होती. मार्च २०२० मध्ये ती थांबवण्यात आली. त्यामुळे अनेकांची समजूत अशी झाली की ज्येष्ठांचे सगळेच बंद झाले. तसे नाही. भाडे आता पूर्ण द्यावे लागते, पण खालच्या बर्थचा कोटा चालू आहे आणि त्यासाठी जादा पैसे लागत नाहीत. सवलतीसाठी स्त्रीचे वय अठ्ठावन्न धरत, कोट्यासाठी मात्र पंचेचाळीसच पुरे. पंचेचाळीस ओलांडलेल्या आमच्या कितीतरी वाचक भगिनींना आपण या कोट्यात बसतो हे ठाऊकच नसते, कारण ‘ज्येष्ठ नागरिक’ हे शब्द वाचले की त्या पुढे सरकतात.

आता हे बर्थ किती, ते पाहू. रेल्वेच्या नियमाप्रमाणे स्लीपरच्या एका डब्यात सहा ते सात, थ्री टायर एसीच्या डब्यात चार ते पाच आणि टू टायर एसीच्या डब्यात तीन ते चार खालचे बर्थ या तिन्ही गटांसाठी मिळून राखून ठेवलेले असतात. नेमका आकडा त्या गाडीला त्या वर्गाचे किती डबे आहेत यावर ठरतो. बहात्तर बर्थचा जुना स्लीपर डबा डोळ्यांसमोर आणा. त्यात नऊ कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात समोरासमोर दोन खालचे बर्थ, म्हणजे अठरा, आणि पलीकडच्या खिडकीकडचे साइड लोअर नऊ. एकूण सत्तावीस झाले. त्यातले सहा-सात या कोट्याचे. बाकीचे खालचे बर्थ जनरल आणि इतर कोट्यांतून जातात. तेव्हा ‘ज्येष्ठ आहेत म्हणजे खालचा बर्थ मिळणारच’ असे गणित नाही. राखीव बर्थ संपेपर्यंत कोटा आहे, संपले की नाही.

हे बर्थ वाटतो कोण? खिडकीवरचा कारकून नव्हे आणि गाडीतला टीसीही नव्हे. वाटप संगणक करतो, आणि तेही तिकीट निघते त्या क्षणी. त्याच्यासमोर मोजक्याच गोष्टी असतात. कोणता कोटा मागितला आहे, एका तिकिटावर किती माणसे आहेत आणि त्या प्रत्येकाचे वय काय व तो स्त्री की पुरुष. अम्मींच्या कमरेची शस्त्रक्रिया झाली आहे, अब्बांना रात्रीतून चार वेळा उठावे लागते, हे त्याला दिसत नाही. म्हणून नियमाचे शब्द नेमके लक्षात ठेवावे लागतात.

नियम असा आहे. पुरुष साठ किंवा त्याहून अधिक वयाचा हवा, स्त्री पंचेचाळीस किंवा त्याहून अधिक वयाची हवी. असा प्रवासी एकटा असावा, किंवा एका तिकिटावर जास्तीत जास्त दोन प्रवासी असावेत आणि ते दोघेही या अटीत बसणारे असावेत. दोनपेक्षा जास्त ज्येष्ठ एका तिकिटावर घातले तर हा कोटा लागू होत नाही. एक ज्येष्ठ आणि एक तरुण असे घातले तरीही लागू होत नाही.

या ओळी वाचायला सोप्या वाटतात, पण घराघरांत चूक इथेच होते. काही जोड्या घेऊन पाहू. दादा बासष्ट वर्षांचे आणि दादी पन्नास वर्षांच्या, दोघेच प्रवासाला निघाले. दोघेही अटीत बसतात, तिकीट कोट्यातून निघेल. सत्तेचाळीस वर्षांची मुलगी सत्तर वर्षांच्या अम्मीला घेऊन निघाली. दोघीही अटीत बसतात, इथेही अडचण नाही. पण त्याच अम्मीसोबत वीस वर्षांची नात निघाली तर एका तिकिटावर कोटा मिळणार नाही. आणि सर्वांत जास्त फसगत होते ती आमच्याच पेशातल्या लोकांची. शाळेतून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेले सर आणि त्यांच्या त्रेपन्न वर्षांच्या पत्नी. पेन्शन सुरू झाली म्हणजे आपण ज्येष्ठ झालो, असे सरांना वाटते. रेल्वेच्या लेखी ते साठ पूर्ण होईपर्यंत ज्येष्ठ नाहीत. पत्नी अटीत बसतात, सर बसत नाहीत. दोघांचे तिकीट एकत्र काढले की पत्नींचाही कोटा गेला. पत्नींचे तिकीट वेगळे काढले तर त्यांना मिळू शकतो.

आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर तिकीट काढताना गाडी शोधतानाच कोटा निवडायची यादी येते. तिथे आपोआप ‘GENERAL’ निवडलेले असते. ते बदलून ‘LOWER BERTH/SR.CITIZEN’ निवडावे लागते. पुष्कळजण ते तसेच ठेवतात आणि पुढे प्रवाशाच्या नावासमोर ‘Lower’ ही पसंती देऊन निश्चिंत होतात. पसंती म्हणजे विनंती. जनरल कोट्यात त्या क्षणी खालचा बर्थ शिल्लक असेल तर मिळतो, नसेल तर जो असेल तो मिळतो. पंचेचाळीसपुढील स्त्री आणि ज्येष्ठ नागरिक यांनी पसंती दिली नाही तरी खालचा बर्थ शिल्लक असल्यास तो आपोआप देण्याची सोय संगणकात आहे, पण ‘शिल्लक असल्यास’ ही अट तिथेही आहेच. तिकीट निघाल्यावर कोट्याचा रकाना पाहा. तिथे ‘SS’ असेल तर तिकीट ज्येष्ठांच्या कोट्यातून निघाले. ‘GN’ असेल तर ते जनरल आहे, मग वय कितीही असो.

खिडकीवर तिकीट काढणाऱ्यांनी फॉर्म देतानाच कारकुनाला तोंडी सांगावे की ज्येष्ठांच्या लोअर बर्थ कोट्यातून हवे आहे. फॉर्मवर वय लिहिले म्हणजे त्याला कळेल, असे धरून चालू नये. रांगेत मागे वीस माणसे उभी असतात आणि त्याची बोटे सवयीने जनरलवर जातात.

गरोदर स्त्रीची गोष्ट जरा वेगळी आहे. ऑनलाइन फॉर्ममध्ये वय लिहायला जागा आहे, पण ती गरोदर आहे हे सांगायला जागा नाही. अठ्ठावीस वर्षांच्या स्त्रीने तिथे ज्येष्ठांचा कोटा निवडला तरी संगणक तिला अटीबाहेरची समजतो. म्हणून तिच्यासाठी आरक्षणाच्या खिडकीवरच जावे लागते आणि सोबत नोंदणीकृत डॉक्टरांचा दाखला न्यावा लागतो. घरातल्या कुणीही फॉर्म भरून रांगेत उभे राहावे, तिला उभे करायची गरज नाही.

इथे एक प्रश्न हमखास येतो. मग बायकांचा कोटा कशासाठी आहे? तो वेगळा. ‘LADIES’ नावाचा कोटा कोणत्याही वयाच्या स्त्रियांसाठी आहे. लांब पल्ल्याच्या मेल-एक्सप्रेस गाड्यांच्या स्लीपर वर्गात त्याचे सहा बर्थ असतात, तसेच गरीबरथ, राजधानी, दुरांतो आणि पूर्ण वातानुकूलित एक्सप्रेस गाड्यांच्या थ्री टायर एसीत सहा. गाडी भरत आलेली असताना त्यातून जागा मिळू शकते, पण ती जागा खालचीच असेल असे नाही. ज्या स्त्रीला नुसती जागा हवी आहे तिला तो उपयोगी पडतो. जिला खालचाच बर्थ हवा आहे तिने त्याच्या भरवशावर राहू नये.

आता एक पूर्ण उदाहरण घेऊ. सोलापूरचे एक कुटुंब मुंबईला निघाले आहे, असे समजा. सिद्धेश्वर एक्सप्रेसने जायचे आहे. ही गाडी रात्री सुटते आणि सकाळी मुंबईला पोहोचते, म्हणजे सगळा प्रवास झोपेचा. घरात दादा सदुसष्टचे, दादी बासष्टच्या, मुलगा अडतीसचा, सून एकोणतीसची आणि पाच महिन्यांची गरोदर, आणि आठ वर्षांचा नातू. खालचे बर्थ तिघांना हवेत.

सवयीप्रमाणे मुलगा पाचही जणांचे एकच तिकीट जनरलमधून काढेल. डबा रिकामा असेल तर पाच बर्थ जवळजवळ मिळतील, पण एका कप्प्यात समोरासमोरचे खालचे बर्थ दोनच असतात. तिसऱ्याची सोय साइड लोअर मिळाला तरच होईल. आणि आरक्षण उशिरा केले तर एकही खालचा मिळणार नाही.

त्याऐवजी दोन तिकिटे काढावीत. पहिले दादा आणि दादींचे, ‘LOWER BERTH/SR.CITIZEN’ कोट्यातून. दोघेही अटीत बसतात आणि दोघेच आहेत. दुसरे मुलगा, सून आणि नातू यांचे, जनरलमधून. या दुसऱ्या तिकिटासाठी आयआरसीटीसीवर आणखी एक सोय आहे. प्रवाशांची नावे भरताना खाली पर्याय येतात, त्यात ‘किमान एक लोअर बर्थ मिळत असेल तरच तिकीट काढा’ अशा अर्थाचा एक आणि ‘दोन लोअर मिळत असतील तरच’ असा दुसरा पर्याय असतो. मुलाने पहिला निवडावा. एक खालचा बर्थ मिळाला तर तिकीट निघेल आणि तो सूनबाईंना देता येईल. तो बर्थ तिकिटावर नवऱ्याच्या नावापुढे आला तरी बिघडत नाही, एका तिकिटावरच्या माणसांनी आपसात जागा बदलायला कुणाची हरकत नसते. खालचा बर्थ नसेल तर तिकीट निघणार नाही आणि भरलेले पैसे परत येतील. मग दुसरी तारीख किंवा दुसरी गाडी पाहता येईल. प्लॅटफॉर्मवर जाऊन डोक्याला हात लावण्यापेक्षा घरी बसून हे कळलेले बरे.

या वाटेत दोन धोके आहेत, तेही सांगितले पाहिजेत. पहिला असा की दोन तिकिटे म्हणजे कदाचित दोन डबे. दादी एस-तीनमध्ये आणि मुलगा एस-सातमध्ये, असे होऊ शकते. ज्यांना रात्री औषध द्यावे लागते, ज्यांना एकट्याने स्वच्छतागृहात जाता येत नाही, त्यांच्यासाठी खालचा बर्थ मोठा की जवळचे माणूस मोठे, हे घरच्यांनीच ठरवायचे. माणूस जवळ हवे असेल तर सगळ्यांचे एकच तिकीट जनरलमधून काढून ‘दोन लोअर’चा पर्याय निवडावा. त्यात ज्येष्ठांचा कोटा मिळत नाही, पण सगळे एकत्र राहतात.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे. जनरल भरून वेटिंग लागलेले असते, तेव्हाही ज्येष्ठांच्या कोट्यात एखाद-दुसरा बर्थ शिल्लक असू शकतो. म्हणून घरचे लोक दादा-दादींचे पक्के तिकीट काढतात आणि आपले वेटिंगचे ऑनलाइन तिकीट काढून वाट पाहतात. चार्ट लागल्यावर तिकिटावरचे सगळेच वेटिंगमध्ये राहिले तर ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होते, पैसे परत येतात आणि त्या तिकिटावर गाडीत चढता येत नाही. म्हणजे ऐन वेळी दोघे वृद्ध एकटेच निघतात किंवा प्रवास रद्द करावा लागतो. तेव्हा सोबतच्याचे तिकीट पक्के होईपर्यंत बेत पक्का समजू नये.

दोन्ही धोक्यांवर एकच औषध आहे, ते म्हणजे लवकर आरक्षण. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते, पूर्वीसारखे एकशेवीस दिवस नाही. त्या दिवशी सकाळी आठ वाजता खिडकी आणि संकेतस्थळ दोन्ही सुरू होतात. ईदच्या किंवा मेच्या सुट्टीच्या गाड्यांचे सहा-सात बर्थ संपायला फार वेळ लागत नाही.

कोटा कुठे मुळीच लागू होत नाही, तेही लक्षात ठेवा. तत्काळमध्ये ज्येष्ठांचा कोटा नसतो. तिथे वय लिहिले आणि ‘Lower’ निवडले तरी ती विनंतीच असते. वेटिंगचे तिकीट चार्टच्या वेळी पक्के झाले तर रिकामा झालेला जो बर्थ वाट्याला येईल तो घ्यावा लागतो. आरएसी मिळाले तर साइड लोअरवर दोघांनी बसून जायचे असते. आणि तिकीट काढताना वरच्या वर्गात बढती घेण्यास तयार आहात का, असा एक चौकोन असतो. स्लीपरच्या भाड्यात एसी मिळेल म्हणून लोक हौसेने तिथे खूण करतात. पण बढती मिळाली तर तिथे खालचाच बर्थ मिळेल याची हमी नसते. ज्यांच्यासाठी खालचा बर्थ गरजेचा आहे, त्यांनी तिथे खूण करू नये.

वयाच्या पुराव्याबद्दल थोडे. ज्येष्ठांच्या कोट्यातून तिकीट काढले की वय दाखवणारे मूळ ओळखपत्र सोबत असावे. आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीत अनेकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून लिहिलेली असते, आणि घरात सांगितले जाणारे वय वेगळेच असते. तिकिटावर घरातले वय लिहू नका. आधार कार्डावर जे आहे तेच लिहा. साठला काही महिने कमी असताना साठ लिहिण्याचा मोहही टाळावा. टीसीने कार्ड मागितल्यावर सगळ्या डब्यासमोर जो प्रसंग येतो, तो एका रात्रीच्या आरामापेक्षा महाग पडतो.

इतके करूनही वरचा किंवा मधला बर्थ आला तर? तिकीट निघाल्यावर संगणक तो बदलून देत नाही. मात्र गाडी सुटल्यानंतर एक वाट उरते आणि ती नियमात लिहिलेली आहे. गाडीत एखादा खालचा बर्थ रिकामा राहिला असेल आणि वरचा किंवा मधला बर्थ मिळालेल्या ज्येष्ठ नागरिकाने, गरोदर स्त्रीने किंवा दिव्यांग सवलतीवर प्रवास करणाऱ्याने मागणी केली, तर तो बर्थ त्यांना देण्याचा अधिकार टीसीला आहे. चार्टमध्ये तशी नोंद करून तो देतो. यात दोन शब्द महत्त्वाचे आहेत, रिकामा आणि मागणी. दुसऱ्याच्या नावावर असलेला बर्थ टीसी काढून देऊ शकत नाही. आणि तुम्ही मागितले नाही तर तो शोधत येणार नाही. म्हणून गाडी सुटल्यावर टीसी तपासणीला येईल तेव्हाच शांतपणे सांगावे, “साहेब, अम्मी सत्तर वर्षांच्या आहेत, मधला बर्थ आला आहे, एखादा खालचा रिकामा असेल तर द्या.” ही मागणी करताना पंचेचाळीस ते साठमधल्या भगिनींनी एक फरक ध्यानात ठेवावा. त्यांना कोटा आहे, पण गाडीतल्या या तरतुदीत ज्येष्ठ, गरोदर आणि दिव्यांग यांचीच नावे आहेत.

रिकामा बर्थ नसेल तर उरते ती सहप्रवाशाला केलेली विनंती. इथे नियमाचा आवाज काढू नये, कारण नियम त्या प्रवाशाच्या बाजूने असतो. कॉलेजातला एखादा मुलगा बहुधा हसत वर जातो. पण तरुण दिसणाऱ्या माणसाच्या पाठीत पट्टा असू शकतो, एखाद्या मुलीला नुकतेच दिवस गेलेले असू शकतात. नाही म्हणणाऱ्याला वाईट माणूस समजू नये.

खालचा बर्थ मिळाला तरी तो दिवसभर एकट्याचा नसतो, हेही वडीलधाऱ्यांना आधी सांगून ठेवावे. रात्री दहा ते सकाळी सहा ही झोपण्याची वेळ. त्या वेळेत खालचा बर्थ त्याच्या मालकाचा असतो आणि इतरांनी त्यावर बसून राहण्याचा हट्ट धरू नये. उरलेल्या वेळेत मधल्या आणि वरच्या बर्थच्या प्रवाशांना खाली बसायला जागा द्यावी लागते. आजारी, दिव्यांग आणि गरोदर प्रवाशांना या वेळेबाहेरही आडवे होण्याची गरज भासली तर इतरांनी सहकार्य करावे, अशी सूचना रेल्वेने २०१७ मध्ये याच नियमासोबत दिलेली आहे.

तेव्हा पुढच्या वेळी घरातल्या मुलाला तिकीट काढायला सांगाल तेव्हा ‘अब्बांना खालचा बर्थ बघ’ एवढेच म्हणून थांबू नका. अब्बा आणि अम्मींचे तिकीट वेगळे काढायला सांगा, कोटा ‘GENERAL’वरून बदलायला सांगा, वय आधार कार्ड समोर ठेवून लिहायला सांगा, आणि तिकीट निघाले की कोट्याच्या रकान्यात ‘SS’ आहे का ते स्वतः चष्मा लावून पाहा.